मॅक्रोफेजचं एम१ आणि एम२ ध्रुवीकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावरचे प्रश्न दोन प्रकारच्या वाचकांकडून येतात. एक म्हणजे मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी शिकणारे विद्यार्थी. दुसरे म्हणजे ज्यांच्या घरात कुणाच्या पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही आणि वाचता वाचता जे इथपर्यंत पोचले आहेत असे लोक. दोघांनाही उपयोग व्हावा म्हणून पानभर एकच उदाहरण धरलं आहे: त्वचेची जखम, ती भरते कशी आणि कधी कधी अडते कुठे. प्रयोगशाळेतले प्रश्न शेवटाकडे आहेत.

१. मॅक्रोफेजचं ध्रुवीकरण म्हणजे नेमकं काय?

मॅक्रोफेज म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणारी पेशी, आपल्या पाठ्यपुस्तकांतली महाभक्षी पेशी. जखमेत दिसणाऱ्या बहुतेक मॅक्रोफेज रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींपासून तयार होतात. तिथे पोचल्यावर आजूबाजूला जी रसायनं, जे जंतू आणि जो पेशींचा कचरा असेल, त्याप्रमाणे पेशी आपल्या जनुकांचा एक संच चालू करते आणि दुसरा दाबून ठेवते. एका टोकाला ती दाह वाढवते आणि जंतू मारते, हा एम१. दुसऱ्या टोकाला ती दाह आवरते, नव्या रक्तवाहिन्यांना आणि कोलॅजनला चालना देते, हा एम२.

बी पेशी आणि टी पेशी जन्मापासून वेगळ्या वाटेने घडतात, तसं इथे नाही. एम१ आणि एम२ या दोन जाती नसून एकाच पेशीच्या दोन अवस्था आहेत. पुढचं जवळजवळ सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

२. एम१, एम२ ही नावं कुणी दिली? आणि आता ती वापरू नका असं का म्हणतात?

इंटरफेरॉन-गॅमा या पेशींनी सोडलेल्या संदेशवाहक प्रथिनामुळे मॅक्रोफेज जंतू मारायला सज्ज होते, हे १९८०च्या दशकात स्पष्ट झालं. १९९२मध्ये सिएमन गॉर्डन यांच्या ऑक्सफर्डमधल्या गटाने दाखवलं, की इंटरल्यूकिन-४ हे असंच दुसरं प्रथिन दिल्यावर पेशी नुसती शांत होत नाही, ती वेगळ्याच पद्धतीने सक्रिय होते. एम१ आणि एम२ ही नावं २०००मध्ये चार्ल्स मिल्स आणि सहकाऱ्यांनी दिली. उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांच्या मॅक्रोफेज आर्जिनिन हे अमिनो आम्ल वेगवेगळ्या प्रकारे वापरतात, असं त्यांना दिसलं होतं (प्रश्न ५).

अडचण अशी झाली, की पुढे प्रत्येक जण आपापल्या प्रयोगातल्या पेशींना एम१ किंवा एम२ म्हणू लागला आणि संकेत कोणता दिला होता ते वाचणाऱ्याला कळेनासं झालं. म्हणून २०१४मध्ये या क्षेत्रातल्या अनेक संशोधकांनी मिळून सुचवलं, की पेशीला काय दिलं तेच नावात लिहावं: इंटरल्यूकिन-४ दिलं तर एम(आयएल-४), जिवाणूच्या आवरणातलं एलपीएस दिलं तर एम(एलपीएस). प्रबंधात ही पद्धत पाळा. बोलताना मात्र एम१, एम२ म्हणायला काही हरकत नाही, आणि या पानावरही तेच वापरलं आहे.

३. पेशीला एम१कडे ढकलणारे संकेत कोणते? दोन संकेत एकदम का देतात?

पहिला संकेत इंटरफेरॉन-गॅमा. तो मुख्यतः टी पेशी आणि एनके पेशी सोडतात. मॅक्रोफेजच्या आत तो स्टॅट१ नावाचं प्रथिन जागं करतो आणि ते केंद्रकात जाऊन जंतुनाशक जनुकं चालू करायची तयारी करतं. दुसरा संकेत थेट जंतूकडून येतो. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस, टीएलआर४ या ग्राहीला चिकटतं आणि आत एनएफ-कॅपा-बी मोकळं होतं. मग टीएनएफ, इंटरल्यूकिन-१-बीटा, इंटरल्यूकिन-१२ आणि नायट्रिक ऑक्साइड बनवणारं आयनॉस हे विकर तयार होतं.

एकटं एलपीएसही दाह पेटवतं. पण आधी किंवा सोबत इंटरफेरॉन-गॅमा असेल, तर तेवढ्याच एलपीएसला पेशी कितीतरी जोरात उत्तर देते. शरीराच्या दृष्टीने ही सोय शहाणपणाची आहे. जंतू दिसला आहे आणि टी पेशींनीही दुजोरा दिला आहे, अशा वेळीच ऊतींना इजा करू शकणारं हत्यार पूर्ण ताकदीने बाहेर निघतं.

जखमेत जंतू नसले तरी एम१ दिसतातच. फुटलेल्या पेशींमधून बाहेर पडलेले पदार्थ टीएलआर आणि इतर ग्राहींना जागं करतात. स्वच्छ कापलेल्या जखमेभोवती पहिले दोन दिवस लाली आणि सूज असते, त्यात यांचाही वाटा असतो.

४. आणि एम२कडे ढकलणारे?

पाठ्यपुस्तकातलं उत्तर आहे इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१३. टीएच२ पेशी, इओसिनोफिल, बेसोफिल यांच्याकडून ते येतात. दोघांचा ग्राही काही अंशी सामायिक आहे, आणि आत स्टॅट६ जागं होतं. स्टॅट१ आणि स्टॅट६ एकमेकांची बरीचशी जनुकं दाबतात, म्हणून पेशी एका बाजूला झुकते. याखेरीज इंटरल्यूकिन-१० (स्टॅट३मार्फत), टीजीएफ-बीटा आणि कॉर्टिसोलसारखी स्टेरॉइडं दाह आवरणाऱ्या अवस्थेकडे नेतात. ही अवस्था इंटरल्यूकिन-४ने येणाऱ्या अवस्थेसारखी हुबेहूब नसते (प्रश्न ११).

पाठ्यपुस्तकात सहसा न येणारा, पण माझ्या मते जखमेसाठी सगळ्यात महत्त्वाचा संकेत वेगळाच आहे: मेलेली पेशी गिळणं. जखमेत सर्वांत आधी न्यूट्रोफिल येतात, काम करतात आणि थोड्याच काळात मरतात. मरताना ते आपल्या पृष्ठभागावर फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचं मेद उघडं करतात. मॅक्रोफेज त्यावरून त्यांना ओळखते, गिळते, आणि गिळल्यावर तिचा टीएनएफ कमी होऊन इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा वाढतात. न्यूट्रोफिल मरू लागले याचा अर्थ लढाई ओसरली, आणि ही बातमी मॅक्रोफेजला त्यांच्या मृतदेहांतूनच मिळते.

२०१७मध्ये उंदरांवरच्या कामातून आणखी एक दुवा पुढे आला. इंटरल्यूकिन-४ असूनही मरणाऱ्या पेशी ओळखणारे ग्राही काढून टाकले, तर दुरुस्तीची जनुकं नीट चालू होत नाहीत. इथेही एम१सारखाच दुहेरी दुजोरा लागतो.

५. आर्जिनिनचा यात काय संबंध?

आयनॉस आणि आर्जिनेज-१ ही दोन्ही विकरं आर्जिनिनच वापरतात. एम१मधलं आयनॉस त्यापासून नायट्रिक ऑक्साइड आणि सिट्रुलिन बनवतं. नायट्रिक ऑक्साइड जंतूंना घातक असतं. एम२मधलं आर्जिनेज-१ त्यापासून ऑर्निथिन आणि युरिया बनवतं. ऑर्निथिनपासून पुढे पेशींच्या वाढीला लागणारी पॉलिअमाइन्स आणि कोलॅजनला लागणारं प्रोलिन तयार होतं. कच्चा माल एकच आणि त्याच्यासाठी चढाओढ, म्हणून उंदरांच्या पेशींत ही जोडी मोजणं हा ध्रुवीकरण ओळखायचा सगळ्यात स्वस्त मार्ग ठरला. माणसाच्या पेशींत तो फसतो. का ते प्रश्न १०मध्ये.

६. जखमेत एम१ जाऊन एम२ येतात, म्हणजे तीच पेशी पालटते की जुन्या मरून नव्या येतात?

दोन्ही घडतं, पण तीच पेशी पालटते याचा चांगला पुरावा आहे. २००७मध्ये फ्रान्समधल्या एका गटाने उंदरांच्या स्नायूला सापाच्या विषातल्या घटकाने इजा केली आणि रक्तातल्या मोनोसाइटना सूक्ष्म चमकत्या मण्यांनी खूण केली. सुरुवातीला स्नायूत आलेल्या खुणेच्या पेशी दाहक प्रकारच्या होत्या. काही दिवसांनी तेच मणी दाह आवरणाऱ्या पेशींच्या पोटात सापडले. शिवाय प्रयोगशाळेत दाहक पेशींना स्नायूपेशींचा कचरा खाऊ घातला, तेव्हा त्या पालटल्या. प्रश्न ४मधली गिळण्याची गोष्ट इथे प्रत्यक्ष दिसते.

त्वचेच्या साध्या जखमेत क्रम साधारण असा असतो. पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत मॅक्रोफेजची संख्या वाढते आणि त्या बहुतांशी दाहक असतात. पुढच्या काही दिवसांत दुरुस्ती करणाऱ्या वरचढ होतात आणि जखमेच्या तळाशी लाल, दाणेदार ऊती दिसू लागते. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर ‘ग्रॅन्युलेशन चांगलं आलंय’ म्हणतात, ती हीच.

७. मग एम१ वाईट आणि एम२ चांगल्या, बरोबर?

नाही. उंदरांच्या त्वचेवर २०१०मध्ये झालेला एक प्रयोग इथे डोळे उघडणारा आहे. जखमेच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर मॅक्रोफेज काढून टाकल्या. सुरुवातीच्या दाहाच्या टप्प्यात काढल्या, तर ग्रॅन्युलेशन नीट आलं नाही आणि वरची त्वचाही उशिरा धरली. नंतरचा व्रण मात्र लहान राहिला. मधल्या, नवी ऊती बनण्याच्या टप्प्यात काढल्या, तर कोवळ्या रक्तवाहिन्या तग धरेनात आणि जखमेत रक्तस्राव झाला. शेवटच्या टप्प्यात काढल्या, तर फारसा फरक पडला नाही.

म्हणजे सुरुवातीच्या दाहाशिवाय दुरुस्तीचा पायाच पडत नाही. उलट दुरुस्तीचा कार्यक्रम थांबलाच नाही, तर कोलॅजन साचत राहून ऊती कडक होते. फुप्फुस किंवा यकृताच्या फायब्रोसिसमध्ये अशा पेशींचा हात असतो. गाठीतल्या मॅक्रोफेजही बऱ्याचदा एम२सारख्या वागतात आणि कर्करोगाला रक्तपुरवठा मिळवून देतात.

कुष्ठरोगात तर हा फरक त्वचेच्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतो. लेप्रोमेटस प्रकारात मॅक्रोफेज जिवाणू भरपूर गिळतात, पण मारत नाहीत. त्यांच्या पोटात मेद आणि जिवाणू साचतात. तिथे इंटरल्यूकिन-१०चा प्रभाव असतो. ट्यूबरक्युलॉइड प्रकारात जिवाणू मारणारा कार्यक्रम चालू असतो आणि ऊतीत जिवाणू क्वचितच सापडतात. अर्थात त्याच दाहाने मज्जातंतूंना इजा होते, हेही विसरता येत नाही.

८. घोट्याजवळची व्हेरिकोज व्हेन्सची जखम वर्षभर भरत नाही. तिथे मॅक्रोफेजचं काय बिघडतं?

हे उदाहरण सविस्तर बघू, कारण इथे साखळीतला जवळजवळ प्रत्येक दुवा माहीत आहे.

शिरांमधल्या झडपा निकामी झाल्या की उभं राहिल्यावर रक्त खालीच साचतं आणि केशवाहिन्यांमधला दाब वाढतो. तांबड्या पेशी बाहेर झिरपतात आणि फुटतात. घोट्याभोवती तपकिरी, गडद पट्टा दिसतो, त्यात त्यांच्यातलं लोह साठलेलं असतं. मॅक्रोफेज या फुटक्या पेशी आणि हिमोग्लोबिन गिळतात, कारण ते त्यांचं रोजचंच काम आहे.

दुरुस्ती करणारी मॅक्रोफेज लोह घेते तशी फेरोपोर्टिन या दारातून बाहेरही सोडते. दाहक मॅक्रोफेज ते दार आवळते आणि लोह आत धरून ठेवते. जंतूंना लोह मिळू नये म्हणून हे योग्यच असतं. पण घोट्याजवळ लोहाची आवक थांबतच नाही. जर्मनीतल्या एका गटाने २०११मध्ये माणसांच्या अशा जखमांमधल्या मॅक्रोफेज तपासल्या, तेव्हा त्या लोहाने भरलेल्या आणि एम१ अवस्थेत अडकलेल्या आढळल्या. उंदरांना लोह देऊन त्यांनी तीच स्थिती निर्माण केली. या पेशी टीएनएफ आणि अतिशय विध्वंसक हायड्रॉक्सिल रॅडिकल सोडत राहतात. त्यामुळे शेजारच्या फायब्रोब्लास्ट अकाली म्हाताऱ्या होतात, म्हणजे विभागणं थांबवतात. कोलॅजन बनवणारेच थकले, की एम१चा जोर ओसरूनही दुरुस्ती रेंगाळते.

म्हणूनच अशा जखमेवर नुसतं मलम लावून भागत नाही. दाबपट्टी बांधणं, पाय उंच ठेवणं आणि योग्य वेळी शिरेवर उपचार करणं यांनी शिरेतला दाब उतरतो आणि तांबड्या पेशींची गळती मुळातच कमी होते. मात्र दाबपट्टी बांधण्याआधी पायाच्या धमन्यांचा रक्तप्रवाह तपासून घ्यावाच लागतो. तो आधीच कमी असेल, तर घट्ट पट्टीने पायाला धोका होतो.

मधुमेहाच्या जखमेतही दाहक मॅक्रोफेज रेंगाळतात, पण तिथे लोहापेक्षा वाढलेली साखर, इंटरल्यूकिन-१-बीटाचं सतत चालणारं चक्र आणि मेलेल्या पेशी गिळण्यातली मंदी ही कारणं पुढे येतात.

९. मग अशा जखमेच्या रुग्णाने लोहाच्या गोळ्या बंद कराव्यात का? आणि हळद घेतली तर एम२ वाढतील का?

गोळ्या स्वतःहून बंद करू नका. प्रश्न ८मधलं लोह घोट्याजवळ गळलेल्या रक्तातून आलेलं असतं, गोळीतून नव्हे. रक्तक्षय असेल तर ऊतींना प्राणवायू कमी पोचतो आणि जखम आणखी मागे पडते. निर्णय डॉक्टरांसोबत घ्या.

हळदीतलं कर्क्युमिन डिशमधल्या मॅक्रोफेजवर टाकलं, तर दाहक संकेत कमी होतात, हे खरं. पण पोटातून घेतल्यावर ते फारच थोडं रक्तात पोचतं. डिशमधल्या पेशींवरून पायाच्या जखमेबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. उघड्या, जुन्या जखमेत घरची हळदपूड भरू नका. ती निर्जंतुक नसते.

१०. प्रयोगशाळेत हे करायचं कसं? आणि माझ्या मानवी पेशींत आर्जिनेज का दिसत नाही?

उंदराच्या अस्थिमज्जेपासून सुरुवात सोपी पडते. मज्जेतल्या पेशी एम-सीएसएफमध्ये, किंवा तो सोडणाऱ्या एल९२९ पेशींच्या माध्यमात, सात दिवस वाढवतात. मग एका गटाला इंटरफेरॉन-गॅमा २० नॅनोग्रॅम आणि एलपीएस १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, दुसऱ्याला इंटरल्यूकिन-४ २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, आणि तिसऱ्याला काहीच नाही, असं २४ तास ठेवतात. एम१ गटाच्या माध्यमात ग्रीस अभिकर्मक टाकला की गुलाबी रंग येतो, कारण नायट्रिक ऑक्साइडचं नायट्राइट झालेलं असतं. एम२ गटाच्या पेशी फोडून युरियाची चाचणी केली, तर आर्जिनेज दिसतं.

काहीच न दिलेला गट गुलाबी झाला, तर बहुधा कुठूनतरी एलपीएस शिरलं आहे: सीरम, पाणी किंवा तुमचं वनस्पती-अर्काचं द्रावण. मॅक्रोफेजला एक नॅनोग्रॅमहून कमी एलपीएसही पुरतं. तुमचा पदार्थ प्रथिन असेल तर तो उकळून पुन्हा द्या. प्रथिनाचा परिणाम नाहीसा होतो. एलपीएस उकळून जात नाही. एलपीएसला बांधून निष्प्रभ करणारं पॉलिमिक्सिन-बी टाकूनही पडताळता येतं. ‘अमुक अर्काने मॅक्रोफेज सक्रिय होतात’ असा निष्कर्ष ही तपासणी केल्याशिवाय लिहूच नये, असं मला कळकळीने वाटतं.

मानवी पेशींत तुमची चूक नाही. माणसाच्या रक्तातल्या मोनोसाइटपासून वाढवलेल्या मॅक्रोफेज या पद्धतीने ना फारसं नायट्रिक ऑक्साइड बनवतात, ना इंटरल्यूकिन-४ने आर्जिनेज-१ चढवतात. उंदरांतल्या वायएम१ आणि फिझ१ या खुणाही इथे चालत नाहीत. माणसासाठी सीडी२०६, सीसीएल१८ आणि ट्रान्सग्लुटामिनेज-२ बघा.

११. माझ्या पेशींत सीडी१६३ आणि टीएनएफ दोन्ही दिसतात. प्रयोग फसला का?

नाही. पहिलं म्हणजे सीडी१६३ ही इंटरल्यूकिन-४ची खूण नव्हे. ती इंटरल्यूकिन-१० आणि स्टेरॉइडने चढते. केवळ सीडी१६३ बघून एम२ लिहिणं ही लेखांमधून वारंवार दिसणारी चूक आहे. दुसरं, खऱ्या ऊतीतल्या पेशीला एकाच वेळी अनेक संकेत मिळत असतात, त्यामुळे मिश्र अवस्था हाच तिथला नेहमीचा प्रकार. २०१४मध्ये मानवी मॅक्रोफेजना दोन डझनांहून अधिक वेगवेगळे संकेत देऊन पाहिलं, तेव्हा दोन टोकांच्या रेषेत न बसणाऱ्या अनेक अवस्था सापडल्या. निदान तीन खुणा मोजा आणि शिवाय एखादं प्रत्यक्ष काम तपासा, जसं मेलेल्या पेशी गिळणं.

१२. एम१ झालेल्या पेशींना इंटरल्यूकिन-४ देऊन एम२ करता येतं का?

प्रश्न ६ वाचून वाटेल की सहज. पण डिशमध्ये एलपीएस आणि इंटरफेरॉन-गॅमा दिलेल्या पेशी नंतर इंटरल्यूकिन-४ला नीट दाद देत नाहीत. २०१६मध्ये याचं कारण सापडलं: पेशीने स्वतःच बनवलेलं नायट्रिक ऑक्साइड तिच्या मायटोकॉन्ड्रियातली श्वसनसाखळी बिघडवतं. एम१ला ते चालतं, कारण ती ऊर्जा मुख्यतः ग्लुकोजच्या झटपट विघटनातून, ग्लायकोलिसिसमधून मिळवते. एम२ला मात्र मायटोकॉन्ड्रिया धडधाकट लागतात. आयनॉस रोखलं, तर पालटणं काही प्रमाणात सुधारतं. उलट दिशेने, म्हणजे इंटरल्यूकिन-४ दिलेल्या पेशींना एम१ करणं, बरंच सोपं जातं.

१३. जखमेत इंटरल्यूकिन-४ सापडतच नाही असं वाचलं. मग तिथे एम२ येतात कुठून?

तुम्ही बरोबर वाचलंत. २०१०मध्ये उंदरांच्या जखमांमधल्या द्रवात इंटरल्यूकिन-४ आणि १३ दोन्ही सापडले नाहीत, आणि त्यांचा ग्राही नसलेल्या उंदरांतही जखमेतल्या मॅक्रोफेज दुरुस्तीकडे वळल्या. तिथे मरणारे न्यूट्रोफिल, इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा यांच्यावर काम भागत असावं. पण २०१५मध्ये दुसऱ्या गटाने हाच ग्राही फक्त मॅक्रोफेजमधून काढला, तेव्हा कोलॅजनचे धागे नीट जोडले गेले नाहीत आणि जखमेत रक्तस्राव झाला.

मला हे दोन निकाल परस्परविरोधी वाटत नाहीत. पहिल्या अभ्यासात पेशी कोणत्या खुणा दाखवते ते मोजलं होतं, दुसऱ्यात ती कोलॅजनचं काय करते ते. दाह आवरण्यासाठी इंटरल्यूकिन-४ नसलं तरी चालतं, पण कोलॅजन घट्ट विणण्यासाठी त्याची किंवा १३ची गरज पडते, असा या दोन्हींचा एकत्र अर्थ मी लावतो. शोधायला गेल्यावर हाती न लागणाऱ्या अल्प प्रमाणातही असे संकेत शेजारच्या पेशीवर काम करू शकतात.

१४. हे सगळं शरीरातल्या प्रत्येक मॅक्रोफेजला लागू आहे का?

नाही. यकृतातल्या कुप्फर पेशी किंवा मेंदूतल्या मायक्रोग्लिया यांची मूळ वस्ती जन्माआधीच झालेली असते आणि त्यांच्यावर त्या त्या अवयवाची छाप खोल असते. फुप्फुसाच्या वायुकोशातल्या मॅक्रोफेज तर इंटरल्यूकिन-४ला फार थंड प्रतिसाद देतात; त्याच पेशी वायुकोशातून काढून डिशमध्ये ठेवल्या की प्रतिसाद परत येतो. म्हणून अस्थिमज्जेच्या पेशींवर मिळालेला निकाल फुप्फुसाला लावण्याआधी त्या अवयवातल्या पेशी तिथल्या तिथे तपासाव्या लागतात.